किल्ली हाती लागली, पण कालचं बोलणं नाही

२ ऑगस्ट २०१३ रोजी लाडार लेविसन नावाच्या अमेरिकन उद्योजकानं एफबीआयच्या हाती ११ छापील पानं ठेवली. पानांवर एकही वाक्य नव्हतं. अक्षरं आणि आकडे सलग छापलेले होते, तेही इतक्या बारीक टायपात, म्हणजे चार पॉइंटात, की सरकारी वकिलांनी न्यायालयात ती पानं वाचता येत नसल्याचीच तक्रार केली. तपास अधिकाऱ्यांना २,५६० अक्षरं हातानं टाइप करावी लागली असती आणि त्यातलं एक जरी चुकलं असतं, तर सगळी मेहनत फुकट गेली असती. व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रियाच्या न्यायालयानं मग आदेश काढला, की हीच माहिती संगणकाला वाचता येईल अशा रूपात मिळेपर्यंत रोज ५,००० डॉलर दंड भरावा. लेविसननं ती माहिती अखेर दिली, आणि ८ ऑगस्टला आपली सेवाच बंद केली.

ही सेवा म्हणजे ‘लावाबिट’. टेक्सासमधल्या डॅलस शहरातून २००४पासून चाललेली, सुमारे चार लाख ग्राहकांची ई-मेल सेवा. सरकारला त्यातल्या एकाच ग्राहकावर नजर ठेवायची होती. नाव तेव्हा गुप्त ठेवलेलं होतं, पण २०१६मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांत एका ठिकाणी काळं फासायचं राहून गेलं आणि तो ग्राहक एडवर्ड स्नोडेन असल्याचं जगाला कळलं. एका माणसासाठी मागितलेली ती ११ पानं मात्र साऱ्या ग्राहकांना लागू होणारी होती, कारण त्यांत लावाबिटच्या सर्व्हरच्या खासगी किल्ल्या होत्या.

या खटल्यावर लिहिणाऱ्यांनी बहुतेक वेळा पुढचा प्रश्न विचारला : किल्ली मिळाल्यावर सरकार यापुढे कोणाकोणाचं वाचणार? मला त्याहून मोठा वाटतो तो मागचा प्रश्न. समजा कोणीतरी गेली काही वर्षं त्या सर्व्हरच्या तारेवरून जाणारी सगळी वाहतूक, एक अक्षरही न कळता, नुसती नोंदवून ठेवली असेल. आज किल्ली हाती आल्यावर त्या साठ्याचं काय होतं? याचं उत्तर किल्लीच्या लांबीवर अवलंबून नाही. ती किल्ली कोणत्या कामाला लावली होती, यावर ते अवलंबून आहे.

असा साठा कोणी करत असेल ही शंका अवाजवी नव्हती. स्नोडेननं बाहेर आणलेल्या कागदांमध्येच एनएसए या अमेरिकी हेरसंस्थेची एक नियमावली होती. गोळा केलेला मजकूर ठरावीक मुदतीनंतर नष्ट करावा असं ती सांगत होती, पण मजकूर एन्क्रिप्ट केलेला असेल, तर तो फोडण्याच्या कामी येईल तोवर कितीही काळ ठेवायची मुभा देत होती. म्हणजे आज न वाचता येणारं उद्या वाचता येईल, एवढ्या आशेवर ते सांभाळून ठेवायचं.

आता किल्लीचं जुनं काम काय होतं ते पाहू. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या सुरक्षित जोडणीच्या नियमांना आज टीएलएस म्हणतात. त्याचं पूर्वीचं नाव एसएसएल. पत्त्याच्या सुरुवातीला https असतं, ते याच नियमांमुळे. त्यात प्रत्यक्ष मजकूर ज्या किल्लीनं झाकला जातो, ती दोन्ही बाजूंना सारखीच असते आणि फक्त त्या जोडणीपुरती असते. तिला सत्राची किल्ली म्हणू. अडचण एवढीच, की कधीही न भेटलेल्या दोन संगणकांनी, मध्ये कोणीतरी ऐकत असताना, या एका किल्लीवर एकमत कसं करायचं?

त्या काळात सर्वात जास्त वापरात असलेला उपाय आरएसए पद्धतीचा होता. सर्व्हरकडे किल्ल्यांची जोडी असते. एक सार्वजनिक, ती प्रमाणपत्रात छापलेली असते आणि कोणालाही मिळते. दुसरी खासगी, ती सर्व्हरबाहेर जात नाही. सार्वजनिक किल्लीनं झाकलेलं फक्त खासगी किल्लीनंच उघडतं. ब्राउझर ४८ बाइटांचं एक गुपित तयार करायचा, त्यातले ४६ बाइट निव्वळ यादृच्छिक. ते गुपित सर्व्हरच्या सार्वजनिक किल्लीनं झाकून तो पाठवायचा. सर्व्हर आपल्या खासगी किल्लीनं ते उघडायचा. मग दोघेही त्या गुपितात, सुरुवातीलाच एकमेकांना उघडपणे पाठवलेल्या दोन यादृच्छिक संख्या मिसळून सत्राच्या किल्ल्या काढायचे.

ही पद्धत त्या क्षणापुरती भक्कम आहे. ऐकणाऱ्याला झाकलेलं गुपित दिसतं, पण उघडता येत नाही. दोष आहे तो काळाच्या बाबतीत. झाकलेलं गुपित तारेवरून गेलेलं असतं, म्हणजे नोंदीत आलेलं असतं. उघड गेलेल्या दोन संख्याही नोंदीत असतात. नोंदीत नसलेली गोष्ट एकच, सर्व्हरची खासगी किल्ली, आणि ती वर्षानुवर्षं तीच असते. ज्या दिवशी ती मिळेल, त्या दिवशी नोंद ठेवणारा पहिल्या जोडणीपासून सुरुवात करील. गुपित उघडील, संख्या मिसळील, सर्व्हरनं केला होता तोच हिशोब करील आणि मजकूर वाचील. मग दुसरी जोडणी, मग तिसरी. चार वर्षांपूर्वीचा पासवर्ड, तीन वर्षांपूर्वीचं वकिलाला लिहिलेलं पत्र, सगळं एकाच किल्लीत. सर्व्हर तेव्हा बंद पडलेला असला, कंपनी बुडालेली असली आणि तिची जुनी हार्ड डिस्क भंगारात कोणाला मिळाली, तरी त्या डिस्कवरच्या किल्लीला हेच जमेल.

यावरचा उपाय आरएसएच्याही आधीचा आहे. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एक शोधनिबंध छापला. दोन माणसं भर बाजारात, सगळ्यांच्या कानांवर पडेल असं बोलूनही एक सामाईक गुपित तयार करू शकतात, हे त्यांनी त्यात दाखवलं. राल्फ मर्कल यांचं कामही त्याच दिशेचं होतं, आणि हेलमन यांनी पुढे त्यांचं नाव या पद्धतीला जोडावं असं सुचवलं. ही कल्पना शब्दांत सांगून पटत नाही, म्हणून लहान आकडे घेऊन ती करूनच पाहू. शाळेतला भागाकार येत असेल तर पुरे.

दोन संख्या सगळ्यांसमोर ठरवायच्या : ४७ आणि ५. नियम असा, की ५चा कोणता तरी घात करायचा, त्याला ४७ने भागायचं आणि फक्त बाकी सांगायची. ब्राउझर मनात ६ हा आकडा धरतो. ५चा सहावा घात १५,६२५. त्याला ४७ने भागलं की बाकी २१ उरते. तो सर्व्हरला २१ एवढंच कळवतो. सर्व्हर मनात ९ धरतो. ५चा नववा घात १९,५३,१२५, बाकी ४०. तो ब्राउझरला ४० कळवतो. आता ब्राउझर आलेल्या ४०चा आपल्या मनातला सहावा घात करतो, ४७ने भागतो, बाकी येते ८. सर्व्हर आलेल्या २१चा नववा घात करतो, ४७ने भागतो, त्याचीही बाकी येते ८. दोघांचं गुपित तयार झालं : ८.

तारेवरून काय गेलं? ४७, ५, २१ आणि ४०. आठ गेलेले नाहीत. सहा आणि नऊही गेलेले नाहीत. ऐकणाऱ्याला ८पर्यंत पोचायचं, तर ‘५चा कितवा घात केला की बाकी २१ येते?’ हे शोधावं लागेल. ४७ इतक्या लहान आकड्यासाठी ते कागदावर पाच मिनिटांत होतं. पण ४७च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची मूळ संख्या ठेवली, तर घात करून बाकी काढणं संगणकाला क्षणाचं काम राहतं, आणि उलटा शोध मात्र आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेर जातो. आजकाल बहुतेक जोडण्यांमध्ये संख्यांच्या घातांऐवजी वक्रावरच्या बिंदूंचं गणित वापरतात, म्हणजे तेवढीच सुरक्षितता बरीच लहान संख्या वापरून मिळते. हिशोबाचा सांगाडा मात्र हाच.

या सगळ्या आकडेमोडीत सर्व्हरची खासगी किल्ली कुठे आली? कुठेच नाही. सहा ब्राउझरनं त्या क्षणी धरले, नऊ सर्व्हरनं त्या क्षणी धरले, आणि आठ त्या दोघांतून निघाले. प्रमाणपत्रातल्या किल्लीचा त्या आठाशी काही संबंध नाही.

मग ती किल्ली कशासाठी लागते? ओळख पटवण्यासाठी. ब्राउझरला आलेले ४० खरोखर त्या सर्व्हरकडूनच आले, की मध्ये बसलेल्या भामट्यानं स्वतःचा आकडा पुढे सारला, हे कळायला हवं. म्हणून सर्व्हर आपला ४०चा आकडा, ब्राउझरनं सुरुवातीला पाठवलेल्या यादृच्छिक संख्येसकट, आपल्या खासगी किल्लीनं सही करून पाठवतो. ब्राउझर प्रमाणपत्रातल्या सार्वजनिक किल्लीनं ती सही पडताळतो. पूर्वी गुपित झाकायला आणि उघडायला वापरली जाणारी किल्ली आता फक्त शिक्कामोर्तब करते. राजाचा शिक्का चोराच्या हाती लागला, तर तो उद्या राजाच्या नावानं खोटं पत्र धाडू शकेल. पण गेल्या वर्षी राजानं बंद दाराआड दूताच्या कानात काय सांगितलं, ते शिक्क्याकडे पाहून त्याला कळणार नाही, कारण ते शिक्क्यात कधी उतरलेलंच नव्हतं.

फॉरवर्ड सीक्रसी म्हणतात ती हीच. कायमची किल्ली पुढे कधीतरी फुटली, तरी आधीची संभाषणं गुप्तच राहतात. ख्रिस्टोफ गुंथर यांनी १९८९च्या सुमारास ही संज्ञा वापरली. १९९२मध्ये डिफी, पॉल व्हॅन ऊर्शोट आणि मायकल वीनर यांनी, ओळख पटवणं आणि किल्ली ठरवणं ही दोन कामं एकत्र पण वेगवेगळ्या साधनांनी कशी करावीत, हे नेटकं मांडलं. कल्पना जुनी होती, पण आडवा येत होता तो खर्च. प्रत्येक जोडणीसाठी नवा आकडा धरायचा आणि घात करत बसायचं म्हणजे सर्व्हरवर ताण. वक्रांच्या गणितानं तो ताण हलका झाला, आणि नोव्हेंबर २०११मध्ये गुगलनं आपल्या जीमेलसारख्या सेवांसाठी ही पद्धत पहिल्या पसंतीची केली. लावाबिटच्या प्रकरणानंतर, नोव्हेंबर २०१३मध्ये, ट्विटरनंही ती लागू केल्याचं जाहीर केलं.

पण नुसतं गणित केल्यानं फॉरवर्ड सीक्रसी येत नाही, ती विसरण्यानं येते. सर्व्हरनं धरलेले ते नऊ, ब्राउझरचे सहा, निघालेले आठ आणि त्यांतून काढलेल्या सत्राच्या किल्ल्या जोडणी संपताच स्मरणातून पुसल्या गेल्या, तरच हा सगळा खटाटोप कामाचा. सर्व्हरनं नऊ हाच आकडा महिनाभर सगळ्यांसाठी वापरला आणि डिस्कवर लिहून ठेवला, तर त्यानं एका कायमच्या किल्लीच्या जागी दुसरी आणून ठेवली एवढंच. म्हणून या पद्धतीच्या नावातच ‘क्षणिक’ या अर्थाचं अक्षर आहे. DHE किंवा ECDHE यांतलं शेवटचं E ते सांगतं. ते E नसलेली डिफी-हेलमनही अस्तित्वात होती. तिथे सर्व्हरचा आकडा कायमचा प्रमाणपत्रातच बसलेला असायचा, आणि तो चोरणाऱ्याला जुनं सगळं वाचता यायचं.

हे सारं प्रत्यक्ष कसं दिसतं, ते नेटवर्कची डागडुजी करणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. वायरशार्क नावाचा एक मोफत प्रोग्राम तारेवरची वाहतूक नोंदवून तिचे पापुद्रे उलगडून दाखवतो. आपल्याच सर्व्हरवर काही बिघाड झाला, तर ही मंडळी वाहतूक नोंदवायची, वायरशार्कला आपल्याच सर्व्हरची खासगी किल्ली द्यायची, की आतला मजकूर स्वच्छ दिसायचा. किल्ली कायदेशीर, सर्व्हर स्वतःचा, नोंदही स्वतःची. ECDHE आल्यावर हाच माणूस तीच किल्ली देतो आणि पडद्यावर काहीच उलगडत नाही. प्रोग्राममध्ये बिघाड नसतो. सर्व्हरच्या मालकालाही स्वतःच्या सर्व्हरची कालची वाहतूक स्वतःच्याच किल्लीनं उघडता येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. त्याला ती वाचायचीच असेल, तर संभाषण चालू असतानाच ब्राउझरला सत्राच्या किल्ल्या एका फाइलीत लिहून ठेवायला सांगावं लागतं. नंतर ती सोय नाही.

एखाद्या सर्व्हरवर हे लागू आहे की नाही, ते घरबसल्याही तपासता येतं. लिनक्स किंवा मॅकवर एक ओळ पुरते :

```
openssl s_client -connect example.org:443 </dev/null
```

येणाऱ्या लांबलचक उत्तरात Temp Key असे शब्द असलेली ओळ आणि तिच्यापुढे X25519 सारखं नाव दिसलं, तर त्या जोडणीसाठी क्षणिक आकडा धरला गेला असं समजावं. टीएलएसच्या १.२ आवृत्तीत वापरलेल्या पद्धतीचं नावही बोलकं असतं. ECDHE-RSA-AES128-GCM-SHA256 या नावात गुपित ECDHEनं ठरलं आणि सही आरएसएनं झाली, हे क्रमानं लिहिलेलं आहे. नुसतं AES128-GCM-SHA256 असेल, तर गुपित जुन्या पद्धतीनं, कायमच्या किल्लीनं झाकून गेलं.

हा फरक किती महागाचा आहे, ते लावाबिटनंतर आठच महिन्यांनी कळलं. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या, जगातल्या असंख्य सर्व्हरांवर चालणाऱ्या प्रोग्राममधली एक चूक जाहीर झाली. तिला हार्टब्लीड हे नाव पडलं. ‘जागा आहेस ना?’ असं विचारणाऱ्या एका छोट्या निरोपात लांबी खोटी लिहिली, की सर्व्हर आपल्या स्मृतीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा कोणताही तुकडा परत पाठवायचा. हे पुन्हापुन्हा करता येत होतं आणि सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदवहीत त्याची खूणही उरत नव्हती. अशा तुकड्यांत खासगी किल्ली सापडेल का, यावर तेव्हा वाद झाला. क्लाउडफ्लेअर कंपनीनं जाणूनबुजून चूक ठेवलेला एक सर्व्हर मांडून आव्हान दिलं, आणि काही तासांतच लोकांनी त्यातून किल्ली काढून दाखवली.

ही चूक प्रोग्राममध्ये दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांत कोणत्या सर्व्हरची किल्ली कोणी नेली, ते सांगणं कोणालाच शक्य नव्हतं. सगळ्यांनी चूक दुरुस्त केली, नव्या किल्ल्या केल्या, जुनी प्रमाणपत्रं रद्द केली. पण जुन्या आरएसए पद्धतीनं चाललेल्या सर्व्हरांसाठी ही दुरुस्ती फक्त पुढच्या दिवसांची होती. मागे नोंदवलेल्या वाहतुकीला नवी किल्ली काहीही संरक्षण देत नाही, कारण ती वाहतूक जुन्या किल्लीनंच झाकलेली असते आणि जुनी किल्ली चोराच्या खिशात असते. ECDHE वापरणाऱ्यांची स्थिती वेगळी होती. हल्ल्याच्या क्षणी स्मृतीत जे काही होतं ते गळलं असेल, पण त्याआधी संपलेल्या आणि पुसल्या गेलेल्या संभाषणांचा चोरलेल्या किल्लीशी संबंधच नव्हता.

किल्ली चोरीला गेल्यावर फॉरवर्ड सीक्रसी असलेला सर्व्हर निर्धास्त राहू शकतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. शिक्का चोराकडे आहे. तो आता ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसून स्वतःचा आकडा, खऱ्या दिसणाऱ्या सहीसह, दोन्हीकडे देऊ शकतो आणि उद्याचं संभाषण वाचू शकतो. मात्र त्यासाठी त्याला त्या क्षणी तारेच्या मध्यात हजर राहावं लागतं, प्रत्येक जोडणीत हस्तक्षेप करावा लागतो, आणि पकडलं जाण्याचा धोका पत्करावा लागतो. गोदामात पडलेल्या डिस्कवरून निवांतपणे पाच वर्षं मागे जाणं वेगळं, आणि हे वेगळं. पाळत ठेवणाऱ्याचं काम त्यामुळे अशक्य होत नाही. ते घाऊकाचं किरकोळ होतं, आणि माझ्या मते लाखो निरपराध ग्राहकांच्या दृष्टीनं सगळा फरक त्यातच आहे.

या पद्धतीला सर्वाधिक नुकसान एका सोयीनं केलं आहे, आणि ते बाहेरून दिसतही नाही. पुन्हापुन्हा येणाऱ्या ब्राउझरसाठी दर वेळी सगळा हिशोब करायला नको, म्हणून सर्व्हर त्याला एक तिकीट देतो. टीएलएस १.२मध्ये त्या तिकिटात त्या सत्राचं मुख्य गुपितच असतं, फक्त सर्व्हरच्या एका वेगळ्या ‘तिकीट-किल्ली’नं झाकलेलं. ब्राउझर पुढच्या वेळी तिकीट दाखवतो, सर्व्हर ते उघडतो आणि मागचं संभाषण जिथे थांबलं तिथून पुढे चालू करतो. गोम अशी, की तिकीट देताना ते तारेवरून उघडच जातं, म्हणजे नोंदीत येतं. आता ती तिकीट-किल्ली सर्व्हरनं महिनोन्महिने बदलली नाही, तर आरएसएचीच गोष्ट पुन्हा घडते. नोंदीतलं तिकीट, त्याला उघडणारी एक दीर्घायुषी किल्ली, आणि आत सत्राचं गुपित. ECDHEचा सगळा हिशोब बरोबर झालेला असतो, Temp Keyची ओळही दिसते, आणि तरीही मागचं दार सताड उघडं. २०१६मध्ये ड्र्यू स्प्रिंगॉल, झाकिर दुरुमेरिक आणि अॅलेक्स हाल्डरमन यांनी इंटरनेटवरच्या मोठ्या संकेतस्थळांची याच अंगानं मोजणी केली, तेव्हा अनेक ठिकाणी तिकीट-किल्ल्या दीर्घकाळ तशाच चालू असल्याचं दिसलं.

हे सांभाळायचं कसं, त्याचा एक चांगला नमुना ट्विटरच्या त्या २०१३च्या निवेदनात आहे. दर १२ तासांनी नवी तिकीट-किल्ली तयार करायची, जुनी ३६ तासांनंतर वापरातून काढायची, आणि कोणतीही किल्ली डिस्कवर कधीच लिहायची नाही, फक्त स्मृतीत ठेवायची. म्हणजे एखादी किल्ली चोरीला गेलीच, तर दीड दिवसापलीकडचं काही हाती लागत नाही. इतकी काळजी घेणारा अभियंता ज्या सेवेकडे आहे, तिची फॉरवर्ड सीक्रसी खरी. बाकीच्यांची ती प्रमाणपत्रावर लावलेल्या सजावटीसारखी असते, असं मला स्पष्ट म्हणायचं आहे.

ऑगस्ट २०१८मध्ये टीएलएसची १.३ आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि जुन्या पद्धतीनं गुपित झाकून पाठवणं तिच्यातून काढूनच टाकलं गेलं. आता १.३ची जोडणी म्हटली, की प्रमाणपत्राची किल्ली फक्त सहीला. हे सहज झालं नाही. काही बँका आणि वित्तसंस्था आपल्याच डेटा सेंटरमधली वाहतूक नोंदवून, नंतर किल्ली लावून तपासत. गैरव्यवहार शोधणं, बिघाड सापडणं, नियामकाला उत्तर देणं, अशी खरी कामं त्यावर चालत. त्यांनी जुनी पद्धत राहू द्या म्हणून गळ घातली. आवृत्ती लिहिणाऱ्यांनी ती मान्य केली नाही, आणि ते योग्यच झालं. बँकेच्या आत ज्या किल्लीनं बँकेला जुनं वाचता येतं, तीच किल्ली चोरणाऱ्यालाही जुनं वाचता येतं. तपासणीची सोय संभाषणाच्या टोकांवर करता येते, तारेवरच करायला हवी असं नाही. १.३मध्येही एक पळवाट मात्र शिल्लक आहे. परत आलेला ब्राउझर ओळखपाळखीची देवघेव पुरी व्हायच्या आतच पहिला मजकूर पाठवू शकतो. हा घाईचा मजकूर तिकिटातून काढलेल्या किल्लीनं झाकलेला असतो, त्यामुळे त्याला फॉरवर्ड सीक्रसी नसते. जोडणी पुरी झाल्यावर पुढचं सगळं ताज्या आकड्यांवर चालतं.

आणि हे सगळं तारेवरच्या मजकुराचं आहे. सर्व्हरवर पोचलेली ई-मेल तिथे डिस्कवर तशीच साठवलेली असेल, तर डिस्क नेणाऱ्याला ती वाचायला कोणत्याच जुन्या जोडणीची गरज नाही.

आता उरतो तो नोंदवून ठेवणाऱ्याचा शेवटचा आधार. नोंदीत सर्व्हरची किल्ली उपयोगाची नाही, पण २१ आणि ४० तर तिथे आहेतच. ते दोन आकडे उलटे सोडवता आले, की सहा किंवा नऊ मिळतात, आणि मग आठही. पीटर शोर यांनी १९९४मध्येच दाखवून दिलं, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक हा उलटा शोध झपाट्यानं करू शकेल, घातांचा असो की वक्रांचा. तसा संगणक आज नाही. पण साठा करणाऱ्याला घाई कुठे असते? फॉरवर्ड सीक्रसी किल्लीच्या चोरीपासून वाचवते, गणितच मोडलं तर ती वाचवू शकत नाही.

म्हणून गेल्या काही वर्षांत जोडणीच्या सुरुवातीला दुसरं एक गुपित जोडलं जाऊ लागलं आहे. ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेनं एमएल-केईएम ही पद्धत प्रमाणित केली. तिचं गणित वेगळ्या जातीचं आहे आणि शोर यांची युक्ती त्याला लागू पडत नाही. ब्राउझर आता वक्रावरचा आपला आकडा आणि एमएल-केईएमची एक ताजी सार्वजनिक किल्ली, दोन्ही एकदम पाठवतो. दोन्हींतून निघालेली गुपितं एकत्र मिसळली जातात, त्यामुळे दोन्ही पद्धती मोडल्याशिवाय सत्राची किल्ली मिळत नाही. ही जोडकिल्लीही त्या एका जोडणीपुरतीच बनवून पुसायची असते. अशा जोडणीत पद्धतीचं नाव X25519MLKEM768 असं दिसतं. ज्या जोडण्या त्याआधी नुसत्या X25519वर झाल्या आणि कोणी नोंदवून ठेवल्या, त्यांत हे दुसरं गुपित मागाहून घालता येत नाही.